रेफरन्स कॉलनंतरचा मेसेज

> अंबडच्या कारखान्यात माझ्याकडे असलेल्या क्वालिटी इन्स्पेक्टरसाठी रिक्रूटरचा फोन येऊन गेला. आता दोन ओळी पाठवायच्यात, काय लिहू?

‘मेहनती, प्रामाणिक’ नको. ते कुणालाही चिकटतं. रिक्रूटर हा मजकूर बहुधा जसाच्या तसा पुढे प्लांटमधल्या साहेबांना पाठवतो, आणि त्यांनी तुमचा फोन ऐकलेला नसतो. म्हणून नातं, काळ आणि डोळ्यांनी पाहिलेलं एक काम, एवढं हवंच. असं काहीसं:

“नमस्कार मॅडम, सकाळच्या बोलण्याला जोडून. तुमचे उमेदवार दोन वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून थेट माझ्या हाताखाली होते. सेटिंग बदललं की पहिला नग स्वतः मोजून सही केल्याशिवाय लॉट सुरू होऊ देत नसत. बोअर गेजचं रीडिंग खटकलं तर आधी सेटिंग रिंगवर शून्य तपासायचे, मगच नग बाजूला काढायचे. आणखी काही विचारायचं असल्यास संध्याकाळी सहानंतर फोन करा.”

यातलं शून्य तपासणं हाच खरा पुरावा. गेज सरकलेलं असेल तर चांगले नगही रिजेक्ट होतात, हे वाचणाऱ्या क्वालिटीवाल्याला लगेच कळतं.

रिजेक्शनचे टक्के आठवणीतून लिहू नका. उमेदवाराच्या बायोडेटातला आकडा वेगळा निघाला तर संशय त्याच्यावर येतो. ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग नंबरही नको. फोनवर एखादी उणीव सांगितली असेल तर इथे तिच्या उलट लिहू नका.

आणि हो, काही कंपन्यांत फक्त एचआरनेच हुद्दा आणि तारखा कळवायच्या असा नियम असतो. कंपनीच्या मेलवरून पाठवण्याआधी तेवढं विचारून घ्या.