विषय: तीन वर्षांत पूर्ण होईल असा पीएच.डी.चा विषय

मेधा:
सप्रेम नमस्कार. ‘डॅशबोर्डचा विद्यार्थ्यांच्या गणितातील प्रगतीवर होणारा परिणाम’ हा माझा विषय तीन वर्षांत झेपणार नाही, असे सांगून मार्गदर्शकांनी परत केला आणि एकाच शाळेचा व्यक्तिअभ्यास सुचवला. डॅशबोर्ड म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रगतीची माहिती शिक्षकाला पडद्यावर दाखवणारे सॉफ्टवेअर. तसे केल्यास विषयात उरते काय, हे मला उमगत नाही.

अरविंद:
मेधाताई, एका शाळेवरून काहीच सिद्ध होत नाही. अनेक शाळा आणि तुलनेसाठी वेगळा गट हवाच.

सुलभा:
अरविंदराव, परिणाम मोजायचा असेल तर आपले म्हणणे रास्त आहे, आणि म्हणूनच प्रश्न बदलायला हवा. मेधाताई, ‘डॅशबोर्डवर दिसलेल्या माहितीवरून गणिताचे शिक्षक पुढच्या तासाचे निर्णय कसे घेतात, आणि काही वेळा ती माहिती बाजूला का ठेवतात?’ असे विचारून पाहा. एक शाळा, गणिताचे पाच शिक्षक आणि एक शैक्षणिक वर्ष, एवढीच मर्यादा आखावी. शिक्षकाने कोणते पान केव्हा उघडले हे डॅशबोर्डच्या वापराच्या नोंदींतून कळते, पण का उघडले हे कळत नाही. त्यामुळे तास झाल्यावर एक-दोन दिवसांत त्याच नोंदी त्याच्यासमोर ठेवून मुलाखत घ्यावी, कारण उशीर झाला की माणूस आठवण सांगत नाही, समर्थन रचतो. प्रत्येकाच्या तीन मुलाखती म्हटल्या तरी तासाभराच्या पंधरा होतात, आणि एका तासाचे बोलणे उतरवून काढायला चार ते सहा तास लागतात. दहा शिक्षक घेतले तर हे काम दुप्पट होईल. निष्कर्ष सगळ्या शाळांना लागू पडणार नाहीत, मात्र शिक्षक माहिती का नाकारतात याचे स्पष्टीकरण दुसरीकडे पडताळता येईल.

प्रकाश:
माझे काम विषयामुळे नव्हे, परवानगीमुळे अडले. नैतिक समितीची मंजुरी शाळा सुरू झाल्यावर महिनाभराने मिळाली, वर्षाची सुरुवातच हातची गेली आणि मला पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागले. शिवाय वापराच्या नोंदी सॉफ्टवेअर कंपनीकडे होत्या. त्या किती दिवस जपल्या जातात हे मी आधी विचारलेच नव्हते.

सुलभा:
प्रकाशरावांचा अनुभव आराखड्यातच लिहावा असा आहे. पहिले वर्ष मंजुरी, नोंदींचा लेखी करार आणि एका शिक्षकावर पूर्वचाचणी यांसाठी ठेवावे, दुसरे शाळेत घालवावे आणि तिसरे विश्लेषणाला द्यावे. वर्षाच्या मध्येच डॅशबोर्डची रचना बदलली, तर ती तारीख टिपून तोही अभ्यासाचाच भाग मानावा.

मेधा:
प्रश्न आता पटला. अडचण एकच: मला सहज प्रवेश मिळेल अशी शाळा म्हणजे मी स्वतः शिकवते तीच. सहकारी माझ्यासमोर डॅशबोर्ड न उघडल्याची कबुली देतील का?

अरविंद:
देणार नाहीत. दुसरी शाळा शोधा.

सुलभा:
इतके ठामपणे मी म्हणणार नाही. आपण त्यांचे मूल्यमापन करत असाल तर ती शाळा नकोच. नसाल तर पूर्वचाचणीत नोंदी आणि बोलणे यांत किती अंतर पडते ते पाहून ठरवावे.