वारस नोंद: तहसीलमध्ये फोनवर सांगितलेलं बरोबर आहे का?

समुद्रगाज: राजापूर तालुक्यातली वडिलांची कलमांची जमीन आम्हा तिघा भावंडांच्या नावावर करायची आहे. वडील मुंबईत वारले, दोन्ही बहिणी लग्न होऊन चिपळूण आणि ठाण्याला. काल तहसीलमधल्या कारकुनांशी बोललो. ते म्हणाले: मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, सगळ्यांचं आधार आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र पाचशेच्या स्टॅम्पवर. प्रतिज्ञापत्र सेतूत करा, मग अर्ज तलाठ्यांकडे. "नोटीस निघाली की पंधरा दिवसांत काम होईल," असा शब्दही दिला. गणपतीला गावी येणार आहे, तेव्हा उरकेल का?

देवगडकर: बहिणींकडून साध्या कागदावर 'हक्क नको' असं लिहून घ्या, त्यांची नावं लागतच नाहीत. आमच्याकडे तसंच केलं.

माडबन_काका: तसं करू नका. मुलगी लग्न झाली तरी वारस असते, प्रतिज्ञापत्रात तिचं नाव वगळलं तर ती खोटी माहिती ठरते. आधी तिघांची नावं लागू द्या. मग बहिणींना खरंच सोडायचं असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. साध्या कागदावर हक्क सुटत नाही, उद्या भाच्यांनी विचारलं तर तो कागद टिकणार नाही.

स्टॅम्पचं म्हणाल तर शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. वारस नोंदीला फी नाही. ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो.

पंधरा दिवस ही हरकतीची मुदत आहे, काम पुरं होण्याची नाही. तलाठी आधी वारस नोंदवहीत चौकशी करतात, मग फेरफार धरून नोटीस काढतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, तेव्हा कुठे सातबारा बदलतो. बहिणींचे सासरचे पत्ते अचूक द्या, नोटीस पोचली नाही तर काम तिथेच अडतं. अर्जाची तारखेची पोच मागाच, नुसत्या शब्दावर गावाहून परत येऊ नका. फेरफार धरला की 'आपली चावडी'वर दिसतो.

शेवंती: माझ्या सासऱ्यांचं घर ग्रामपंचायतीत अजून त्यांच्याच नावावर आहे. तेही तलाठ्यांकडेच का?

माडबन_काका: नाही ताई, घरपट्टीचा उतारा वेगळा. त्याचा अर्ज ग्रामसेवकाकडे.

समुद्रगाज: काका, आभारी आहे. बहिणींना आजच कळवतो. आठ-अ काढला तर एका गटात अजून आजोबांचंच नाव दिसतंय, आणि काकांची मुलंही त्यात आहेत. त्यासाठी आजोबांपासूनचे वारस एकाच अर्जात देता येतील, की आधी आजोबांची नोंद वेगळी करावी लागेल?

देवगडकर: आमच्याकडे दोन वेगळे अर्ज घेतले होते.

माडबन_काका: आमच्या सज्जात एकातच घेतले. तलाठ्यांना अर्ज लिहिण्याआधी विचारा, आणि आजोबांचा दाखला आताच शोधायला लागा, जुना दाखला मिळवण्यातच सगळा वेळ जातो.