पिकअप सुटली, फोन अडकला: कोर्टाचं बरोबर की चूक?

माणगंगाकाठ:
आमची दुधाची पिकअप आहे. फेब्रुवारीत आमच्या ड्रायव्हरने रात्री परस्पर ती नेली आणि विहिरींवरच्या मोटारी, केबल उचलल्या. मी आरोपी नाही, साक्षीदारांत आहे. पण पिकअप जप्त झाली आणि त्या रात्री ड्रायव्हरचे मला कॉल, मेसेज आले होते म्हणून माझा मोबाईलही जप्त झाला. एकाच अर्जात दोन्ही मागितलं. पिकअप तेवीस दिवसांनी मिळाली, फोनचा अर्ज फेटाळला. माझं मत असं की गाडीला जो न्याय तोच फोनला हवा. खटला चार-पाच वर्षं चालला तर तो फोन घेऊन मी काय करू? की माझंच चुकतंय?

पुणेकर सॉफ्टवेअरवाला:
तुमचं शंभर टक्के बरोबर. फोनची इमेज, म्हणजे आतल्या डेटाची प्रत काढायची, तिचा हॅश, म्हणजे प्रतीत काही बदललं की बदलणारा कोड, पंचनाम्यात लिहायचा आणि फोन मालकाला द्यायचा, एवढं सोपं आहे. हॅश जुळला की पुरावा शाबूत. एका दिवसाचं काम. मूळ फोन कपाटात ठेवणं ही निव्वळ कागदी मानसिकता.

निवृत्त हवालदार:
एक दिवसाचं काम म्हणणाऱ्यांनी एकदा मुद्देमाल खोलीत येऊन बसावं. मी सात वर्षं मुद्देमाल कारकून होतो. फोन सीलबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो, तिथे आधीच रांग असते. पासवर्ड नाही म्हणून परत आलेले फोन मी पाहिलेत, डिस्प्ले फुटलेले पाहिलेत. तोवर तपासी अंमलदार "हरकत नाही" असं लिहून देणारच नाही. उद्या आरोपीच्या वकिलाने विचारलं की अहवाल येण्याआधी फोन का सोडला, तर उत्तर त्यालाच द्यायचंय.

तालुका कोर्टातला:
दोघांचंही थोडं खरं आहे. आधी पिकअप एवढ्या लवकर कशी सुटली ते बघू, म्हणजे फोनचं कळेल.

पूर्वी हे अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५१ आणि ४५७ खाली असत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची ४९७ आणि ५०३ ही कलमं आहेत. गाड्यांबाबतचा दंडक आला २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालातून. त्यामागची गंमत फारशी कुणी सांगत नाही. त्यात आरोपी होते पोलीसच. सुरतकडच्या ओलपाड ठाण्यात जप्त वस्तू बदलल्या, रक्कम खाल्ली, परस्पर लिलाव केले असे आरोप होते. म्हणजे ठाण्यात पडलेला माल सुरक्षित राहतोच असं नाही, हे त्या प्रकरणातच समोर होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि गाडी सोडा; ठाण्याच्या आवारात महिनोन्‌महिने सडवू नका.

गाडीचं हे जमतं, कारण खटल्यात गाडीबद्दल सिद्ध काय करायचं असतं? हीच गाडी, हा नंबर, हा चासी नंबर. ते फोटोत आणि पंचनाम्यात येतं. फोनचं तसं नाही. तिथे हँडसेट हा नुसता डबा आहे, पुरावा आत आहे, आणि तो फोन वापरला की बदलतो. म्हणून "गाडीला जो न्याय तोच फोनला" हा युक्तिवाद कोर्टात टिकत नाही.

माणगंगाकाठ:
पण साहेब, मेसेज तर ड्रायव्हरच्या फोनमध्येही असणार ना? तोही जप्त आहे.

तालुका कोर्टातला:
हा मुद्दा तुमच्या अर्जात होता का? नसेल तर तिथेच चुकलं. एकाच अर्जात दोन्ही मागितलं की युक्तिवाद गाडीचाच होतो आणि फोन शेवटच्या ओळीत "तसेच मोबाईलही" असा येतो. फोनचा अर्ज वेगळा हवा. त्यात लिहायचं की मी साक्षीदार आहे, संबंधित मजकूर अमुक तारखेचा अमुक दोन तासांचा आहे, तो ड्रायव्हरच्या फोनमध्येही आहे, पासवर्ड मी दिलेला आहे, इमेज काढून घ्यावी आणि ती निघाल्यावर फोन सुपूर्तनाम्यावर द्यावा. तुम्ही लगेच मागितलात, म्हणून नकार मिळाला. "इमेज निघाल्यावर" मागितलं तर निदान कोर्ट प्रयोगशाळेकडून स्थिती मागवतं.

रत्नांग्रीचो:
माझा वाळूचा डंपर आठ महिने तहसील कचेरीसमोर उभा आहे. सुंदरभाईचा निकाल दाखवला तरी मॅजिस्ट्रेटने ऐकलं नाही. हे सगळे निकाल फक्त कागदावर!

तालुका कोर्टातला:
दादा, तुमचा दरवाजाच वेगळा आहे. वाळूसाठी महसूल संहितेच्या कलम ४८ खाली पकडलेली गाडी महसूल खात्याच्या ताब्यात असते; दंड आणि बंधपत्राचं तिथेच, उपजिल्हाधिकारी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याकडे होतं. चोरीचा गुन्हाही नोंदला असेल तर दोन्हीकडे पाठपुरावा लागेल. आधी जप्तीच्या कागदावर कुणाची सही आहे ते बघा, तहसीलदाराची की पोलिसाची.

नाव नको:
मी विरुद्ध बाजूने लिहिते. माझ्या बहिणीच्या छळाच्या केसमध्ये आरोपीचा फोन इमेज निघायच्या आत सोडला गेला. "कामधंदा फोनवर आहे" हे कारण. फोन परत मागवला तेव्हा तो रिसेट केलेला होता. तो म्हणाला बिघडला म्हणून दुकानात दिला होता. बंधपत्राची रक्कम वसूल होईलही, पण ते मेसेज आता कुठून आणायचे? माझ्या मते फोन निकाल लागेपर्यंत सोडूच नये, मग तो कुणाचाही असो.

पुणेकर सॉफ्टवेअरवाला:
ताई, हे वाईट झालं. पण चूक फोन सोडण्याची नाही, आधी इमेज न काढण्याची.

निवृत्त हवालदार:
आणि इमेज म्हणजे सगळं आलं असंही समजू नका. बऱ्याचदा वरवरचंच काढता येतं, पुसलेलं निघत नाही. वर्षाने प्रयोगशाळेकडे नवं साधन येतं आणि तोच फोन पुन्हा पाठवतात. फोन तेव्हा मालकाच्या खिशात असेल तर काय पाठवणार? तुमचा हॅश हा काढलेल्या प्रतीचा, फोनचा नव्हे. चालू फोनची उद्या दुसरी प्रत काढलीत तर तिचा हॅश वेगळा येणार.

पुणेकर सॉफ्टवेअरवाला:
हे मान्य. प्रत शाबूत असल्याचं हॅश सांगतो, प्रत पूर्ण असल्याचं नाही. मी दोन्ही एकच धरत होतो. तरीही साक्षीदाराचा फोन पाच वर्षं ठेवणं मला पटत नाही. बॅटरी फुगते, तो उघडणारही नाही, मग पुरावा तरी काय राहिला?

तालुका कोर्टातला:
म्हणूनच फोन कुणाचा हे आधी बघावं लागतं. चोरीला गेलेला फोन सापडला आणि तो फिर्यादीचा असेल तर बिल आणि आयएमईआय जुळवून तो सहसा सुटतो, कारण तिथे फोन ही गाडीसारखी नुसती वस्तू आहे. आरोपीचा फोन, आणि त्यातच गुन्ह्याचा मजकूर, तर नकाराचीच तयारी ठेवा. माणगंगाकाठांचा मधला प्रकार आहे, आणि तिथे न्यायाधीशागणिक आदेश वेगळे येतात. ताईंचा "कुणाचाही सोडू नये" हा नियम मला मान्य नाही, पण आरोपीच्या फोनबद्दल मी त्यांच्याच बाजूचा आहे.

बँकेतली वसुली:
पिकअपचं सविस्तर लिहाल का? माझ्या भावाची गाडी अशीच अडकलीय. आरसी वडिलांच्या नावावर आहे, ते वारले. कर्जही चालू आहे.

माणगंगाकाठ:
आमचं असं झालं. अर्जासोबत आरसी, विमा, आधार, एफआयआर आणि जप्ती पंचनाम्याची प्रत लावली. कोर्टाने तपासी अंमलदाराचा आणि सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवला. पोलिसांनी लिहिलं की गाडी पुन्हा गुन्ह्यात वापरली जाईल. आमच्या वकिलांनी सांगितलं की ड्रायव्हर कोठडीत आहे, मालक आरोपी नाही आणि रोज दूध घालायचं आहे. डेअरीच्या पावत्या जोडल्या. चार लाखांचं बंधपत्र करायला सांगितलं. रोख भरावी लागली नाही. अटी म्हणजे गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावलं की हजर करायची. चारी बाजूंचे फोटो आणि चासी नंबरचा फोटो काढून त्यावर सह्या झाल्या.

ताबा घेताना स्टेपनी नव्हती. जप्ती पंचनाम्यात "पाच टायर" लिहिलं होतं म्हणून ताबा पावतीवर तसं लिहून सही केली. दोन दिवसांनी स्टेपनी सापडली म्हणे.

निवृत्त हवालदार:
सापडतेच. पावतीवर न लिहिता सही करून गेलात तर सापडत नाही.

तालुका कोर्टातला:
वसुलीताई, वडिलांच्या नावावर आरसी असेल तर सगळ्या वारसांची संमती, शपथपत्र आणि मृत्यूचा दाखला लावा. नाहीतर "अर्जदार मालक नाही" एवढ्यावर अर्ज जातो. हा आदेश मालकी ठरवत नाही, फक्त तूर्त ताबा कुणाकडे ते ठरवतो. पण दोन वारस भांडत कोर्टात आले तर न्यायाधीश सावध होतातच. कर्ज आहे म्हणून बँकेचं ना-हरकत पत्र आधीच घ्या. शिवाय अपघाताची केस असेल आणि विमा संपलेला असेल, तर भरपाईची सुरक्षा आधी मागितली जाईल.

पुणेकर सॉफ्टवेअरवाला:
नव्या कायद्यात १४ दिवस आणि ३० दिवसांचं काहीतरी आहे ना? मग ते फोनला का लागू नाही?

तालुका कोर्टातला:
आहे. मालमत्ता कोर्टासमोर हजर झाली की १४ दिवसांत तिचं विवरणपत्र, गरजेनुसार फोटो, चित्रीकरण, आणि विवरणपत्रानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा किंवा ताब्याचा आदेश. फोन त्यातून वगळलेला नाही. पण फोन प्रयोगशाळेत असेल तर "कोर्टासमोर हजर" झाला कधी, यावरच वाद घालता येतो. शिवाय ही मुदत मोडली तर पुढे काय, ते कलमात लिहिलेलं नाही. मी ती अर्जात टाकतो. एका न्यायाधीशांनी तेवढ्यावर तारीख लवकर दिली, दुसऱ्यांनी वाचून बाजूला ठेवली.

नाव नको:
माणगंगाकाठ, तुमचा नंबर चालू आहे का मग? इतके महिने काय करताय?

माणगंगाकाठ:
डुप्लिकेट सिम घेतलं. नव्या फोनवर त्याच नंबरने व्हॉट्सॲप चालू केलं. जुन्या चॅटचा बॅकअप ड्राइव्हवर आहे तो काढून टाकावा म्हणत होतो, जागा भरलीय.

तालुका कोर्टातला:
अहो, त्याला हात लावू नका! तुम्ही जागेसाठी पुसाल आणि पोलीस म्हणतील पुरावा नष्ट केला. जागा कमी पडली तर विकत घ्या. उलट नव्या अर्जात लिहा की बॅकअप उपलब्ध आहे आणि पोलिसांनी मागितला तर देतो. तुमच्या बाजूचा तो चांगला मुद्दा आहे.

निवृत्त हवालदार:
आणि ठाण्यात जाऊन फोन प्रयोगशाळेत खरंच पाठवलाय का ते विचारा. जावक क्रमांक मागा. नुसतं "पाठवलाय" ऐकून परत येऊ नका.

माणगंगाकाठ:
आत्ताच ठाण्यात जाऊन आलो. जावक क्रमांक नाही. फोन अजून मुद्देमाल खोलीतच आहे.