मझल तोव म्हणजे ‘शुभेच्छा’ का? आणि शलोमचं काय करायचं?

दुपारचा_चहा
मंडळी, एका अनुवादात अडकलेय. ज्यू घरातली कथा आहे, मूळ इंग्रजी. जेवताना सून सांगते की तिला दिवस गेलेत. धाकटा दीर ओरडतो "मझल टोव!", त्यावर आजी त्याच्याकडे डोळे वटारून बघते आणि सुनेला हळूच म्हणते "बेशाआ तोवा". टेबलावर एकदम शांतता. पुढची अख्खी कथा त्या शांततेवर उभी आहे. मी दिराच्या तोंडी "अभिनंदन!" घातलं होतं, संपादकांनी ते खोडून "शुभेच्छा!" केलं. त्यांचं म्हणणं मझल म्हणजे नशीब, टोव म्हणजे चांगलं, म्हणजे गुडलक, विषय संपला. पण मग आजी चिडली कशाला? आणि शेवटी एक शलोम आहे तिथे त्यांनी "शांती" केलंय, तेही मला खटकतंय पण का ते सांगता येत नाहीये.

ओपेराहाऊसवाला
तुमच्या संपादकांना आमच्या बाजारात पाठवा. मी बावीस वर्षं हिऱ्याच्या धंद्यात काढली, आधी ऑपेरा हाऊस, मग बीकेसी. मझल म्हणजे सौदा पक्का, दुसरा अर्थ नाही. भाव घासाघीस करून ठरला की हात मिळवायचा आणि म्हणायचं "मझल", की माल तुमचा. कागद नाही सही नाही. त्यानंतर दुसऱ्याने जास्त भाव दिला तरी फिरायचं नाही, फिरला तर त्याच्याशी पुन्हा कोणी बसत नाही. पालनपुरी जैन शेठ अँटवर्पच्या माणसाशी फोनवर हेच बोलतात, पूर्ण म्हणायचं तर "मझल उब्राखा". मी तर बरीच वर्षं हा गुजराती शब्द समजत होतो.

धातुपाठ
काका, ‘दुसरा अर्थ नाही’ एवढं सोडलं तर तुमचं उदाहरण नेमकं कामाचं आहे, कारण तुम्ही मझल *कधी* म्हणता ते बघा. सौदा झाल्यावर. व्हायच्या आधी म्हटलं तर चालेल?

ओपेराहाऊसवाला
छे, आधी म्हणालात तर तुम्ही अडकलात. तोंडातून गेलं की गेलं.

धातुपाठ
बस, आजी म्हणूनच चिडली. मझल तोव घडून गेलेल्या गोष्टीला म्हणतात. लग्नात नवऱ्याने पायाखाली पेला फोडला की सगळे ओरडतात, मूल जन्मलं की म्हणतात, परीक्षेचा निकाल लागला की म्हणतात. परीक्षेला *निघालेल्या* पोराला मझल तोव म्हणत नाहीत, त्याला "बेहत्सलाखा", म्हणजे यश येवो. पोटातलं मूल अजून यायचंय, सौदा व्हायचाय. तिथे रीत "बेशाआ तोवा" म्हणायची, शब्दशः "चांगल्या घडीला", म्हणजे जे व्हायचं ते चांगल्या घडीला होवो. दिराने नऊ महिने आधीच मोहोर उठवून टाकली. ‘शुभेच्छा’ केलंत तर नेमकं उलटं होतं, कारण शुभेच्छा पुढच्या गोष्टीच्या असतात आणि त्यावर आजीला चिडायचं कारणच उरत नाही. तुमचं अभिनंदन बरोबर होतं.

दुपारचा_चहा
अहो हेच!! मी हेच म्हणत होते पण मला असं मांडता येत नव्हतं.

बाराखडी
अर्थ ठीक आहे, पण आधी लिहायचं कसं ते ठरवा. ‘मझल टोव’ हे इंग्रजांच्या तोंडून आलंय. हिब्रूतला त आपल्या त सारखा आहे, म्हणून तोव. आणि झ कशाला, आपल्याकडे ‘जहाज’मधला दुसरा ज आहे की, तो पुरेसा आहे. म्हणजे ‘मजल तोव’.

मजलदरमजल
‘मजल’ लिहिलंत म्हणून माझ्या नावाला जागून सांगतो 😄 हा आपलाच मजल आहे! मजल दरमजल करत, मजल मारली, घराचा मजला, हे सगळं अरबी मंझिलवरून आलंय, मंझिल म्हणजे उतरायची जागा. अरबीत चंद्राच्या नक्षत्रांनाही मंझिलच म्हणतात, कारण चंद्र रोज एका ठिकाणी मुक्काम करतो. म्हणजे मझल तोव = मुक्काम चांगला!

धातुपाठ
मजल, मजला अरबीतून आले हे बरोबर, चंद्राच्या मुक्कामाचंही बरोबर. मझलचं मूळ मात्र बहुतेक अभ्यासक अक्कादी या मेसोपोटेमियातल्या जुन्या भाषेतल्या शब्दाकडे नेतात, मंझाल्तु, आणि त्याच्या मुळाशी ‘उभं राहणं’ आहे, उतरणं नाही. ताऱ्याची उभं राहायची जागा. बायबलात २ राजे २३ मध्ये योशीया राजा मूर्तिपूजकांचे पुजारी हाकलतो, त्यात सूर्य, चंद्र आणि ‘मझ्झालोत’ना धूप जाळणारेही आहेत, तिथे अर्थ सरळ नक्षत्रं किंवा राशी असा आहे. नशीब हा अर्थ पुढे चिकटला, जसं आपण "ग्रह चांगले आहेत त्याचे" म्हणतो तसंच. म्हणजे शब्दशः "तारा चांगला", आणि म्हणताना कोणी वर बघत नाही.

मजलदरमजल
उभं राहणं आणि उतरणं, मुक्काम तो मुक्कामच की. मी माझं मत सोडत नाही.

बाराखडी
ज्यू लोक फलज्योतिष मानत नाहीत ना पण?

धातुपाठ
ताल्मूद या ज्यूंच्या धर्मग्रंथातच वाक्य आहे "एन मझल लेयिस्राएल", इस्राएलाला मझल नाही, म्हणजे ताऱ्यांची सत्ता त्यांच्यावर चालत नाही. आणि त्याच पानावर कोणत्या वारी जन्मलेला कसा निघतो याचीही चर्चा आहे. आपल्याकडे पत्रिका मानत नाही म्हणणारा मुहूर्त बघतोच, तसं.

शनिवारतेलीण
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, जन्म अलिबागजवळचा, आता इस्राएलमध्ये लोदला राहते. गंमत सांगू का, आमच्या आजीला मझल तोव माहीतच नव्हतं. रोजच्या तोंडात सगळं मराठी. लग्न ठरलं, नवीन घर घेतलं, कोणी आजारातून उठलं की मलिदा करायचा, पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, आणि एलियाहू हन्नावी या संदेष्ट्याचं नाव घ्यायचं. अभिनंदन वगैरे कोणी तोंडाने म्हणत नसे, मलिदा खाल्ला म्हणजे म्हणून झालं. मझल तोव मी इथे येऊन शिकले. इथे कॅफेत वेटरच्या हातून ग्लास पडून फुटला ना तरी सगळे ओरडतात "मझल तोव!" लग्नातल्या पेल्यामुळे. मी नवीन असताना एकदा माझ्याच हातून पडला, मला वाटलं कोणाचातरी वाढदिवस आहे, मी पण टाळ्या वाजवल्या.

दिवस गेलेल्या बाईला बेशाआ तोवाच म्हणतात हे अगदी बरोबर. जुन्या लोकांत बाळाचं सामानही आधी घरात आणत नाहीत. आपल्याकडेही तीन महिने कोणाला सांगत नव्हतेच की.

दुपारचा_चहा
मग ताई, बेशाआ तोवाला मराठीत काय करू? "सुखरूप मोकळी हो" चालेल?

शनिवारतेलीण
आजी नक्की हेच म्हणाली असती!

बाराखडी
पण त्यात ‘घडी’ गेली. "शुभ घडी येवो" करा.

ओपेराहाऊसवाला
शुभ घडी येवो म्हटलं की लग्नपत्रिका वाटते. सुखरूप मोकळी हो हे बाई बोलेल.

ठाण्याचे_बाबा
मला वाटतं तुम्ही शलोमबद्दल विचारलंय. माझा मुलगा तेल अवीवला कामाला आहे. पहिल्याच आठवड्यात क्लायंटने बोलून झाल्यावर फोनवर शलोम म्हटलं, याला वाटलं आता बोलणं सुरू होतंय, हा शलोम म्हणून ऐकत बसला, तिकडे फोन ठेवलेला. मग कळलं की येताना पण शलोम जाताना पण शलोम. आता तो सांगतो की ऑफिसात तरुण पोरं शलोमही फारसं म्हणत नाहीत, येताना हाय आणि जाताना "याल्ला बाय", त्यातला याल्ला अरबी आणि बाय इंग्रजी. मग हिब्रू कुठे राहिली?

बाराखडी
बघा! आपल्याकडेही ‘ओके बाय’ झालंच आहे. कोणीतरी कुठेतरी थांबवलं पाहिजे.

मजलदरमजल
तुम्ही शेवटचं "यावं बरं का" कधी म्हणालात?

धातुपाठ
शलोमकडे येऊ. मूळ शब्दात ‘पुरं, अखंड’ असा भाव आहे. शालेम म्हणजे संपूर्ण, आणि त्याच मुळावरून लेशालेम म्हणजे पैसे चुकते करणे, हिशेब पुरा करणे. शांतता हा त्यातला एक पदर. माझं आवडतं उदाहरण २ शमुवेल ११ मधलं. दाविद राजा आघाडीवरून उरीयाला बोलावून घेतो (का बोलावलं ते माहिती असेलच, बायकोचं प्रकरण) आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, यवाबाचं शलोम, लोकांचं शलोम, आणि *युद्धाचं शलोम*. आता तिथे ‘शांती’ घाला. युद्धाची शांती कशी आहे? काही अर्थ लागतो का? तो विचारतोय सगळं ठीक ना, लढाई नीट चाललीय ना. आजही ‘कसा आहेस’ हे "मा श्लोमखा" आणि ‘कशी आहेस’ हे "मा श्लोमेख" असंच विचारतात, तुझं शलोम काय. आपल्याकडे त्याला जोड खुशाली, क्षेम. जुन्या पत्रात "येथील क्षेम जाणून तेथील लिहीत जाणे" असायचं ना, त्यातलं क्षेम.

दुपारचा_चहा
वा. पण माझ्या कथेच्या शेवटी आजी गेलेली असते आणि नातू तिला निरोप देताना शलोम म्हणतो. तिथे खुशाली कशी घालू?

धातुपाठ
अरेच्चा, हे आधी सांगायचं! एकटा शलोम आहे की "लेख बेशालोम" असं काही? कारण त्यावर ताल्मूदमध्ये चर्चा आहे. जिवंत माणसाला निरोप देताना "लेख लेशालोम" म्हणावं, शलोम*कडे* जा, आणि मेलेल्याला "लेख बेशालोम", शलोम*मध्ये* जा. दाखला असा की सासरा इथ्रोने मोशेला लेशालोम म्हटलं, त्याचं भलं झालं. दाविदाने आपल्या मुलाला, अबशालोमला, बेशालोम म्हटलं, तर तो झाडाला लटकून मेला. एका अक्षराचा फरक. जिवंत माणूस अजून पुरा व्हायचाय, मेलेला झाला.

शनिवारतेलीण
हे ऐकून काटा आला, कारण घरात "जातो" म्हटलं की आजी ओरडायची, "येतो म्हण!"

ठाण्याचे_बाबा
आमच्याकडे अजूनही जातो म्हणत नाहीत. मुलगा व्हिडिओ कॉल ठेवतानासुद्धा येतो म्हणतो.

ओपेराहाऊसवाला
कोल्हापूरकडे काय म्हणतात? आमचा एक कारागीर "जातो की" म्हणायचा बिनधास्त.

मजलदरमजल
तो "जातो की" नव्हे, "येतो की" असेल, तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल.

ओपेराहाऊसवाला
माझे कान ठीक आहेत. सोळा वर्षं शेजारी बसायचा तो माझ्या.

दुपारचा_चहा
एकटाच शलोम आहे, धातुपाठ. संपादकांना अभिनंदन आणि सुखरूप मोकळी हो पटलंय, शलोमला ते अजून शांतीवरच आहेत. मी शलोम तसाच ठेवू का?

बाराखडी
शब्द तसाच ठेवणं म्हणजे अनुवाद न करणं.

मजलदरमजल
मग शलोमला आजी गेल्यावर नातवाने "येतो" म्हटलं तर?

शनिवारतेलीण
नको हो. त्या घरात ती मराठी होईल, ज्यू राहणार नाही.

बाराखडी
आणि तुम्ही कोण मग, दोन्ही नाही का?

शनिवारतेलीण
मी आहे. ती आजी इंग्रजी कथेतली आहे. बरं, मलिद्याचे पोहे भिजवायचे की नुसते धुवायचे यावर इथे आमच्या दोन मावश्यांचं भांडण चालू आहे, कोणी अलिबागचं असेल तर सांगा.