मदत हवी आहे: एसडी मॉड्यूल जोडलं की लोरा बंद, दोन्ही एकाच मिसो लाइनवर

बाग_दिंडोरी

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात काकांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डावणीची धास्ती असते, म्हणून पान किती वेळ ओलं राहतं आणि तापमान किती होतं याची नोंद ठेवणारे तीन नोड बनवतोय. प्रत्येकात ईएसपी३२, ८६५ मेगाहर्ट्झचं लोरा मॉड्यूल (एसएक्स१२७६) आणि मायक्रो एसडीचं ते स्वस्तातलं निळं मॉड्यूल. लोरा आणि एसडी एकाच एसपीआयवर आहेत. क्लॉक १८, मिसो १९, मोसी २३. एसडीचा चिप सिलेक्ट ५ वर, लोराचा २७ वर.

एकटा लोरा जोडला तर झकास चालतो, एकटी एसडीही चालते. दोन्ही जोडले की एसडी चालते, पण लोरा सुरूच होत नाही. त्याचं व्हर्जन रजिस्टर `0x42` वाचलं तर `0x12` यायला हवं, येतं `0xFF`. क्वचित `0x12` येऊनही जातं.

लोरा मॉड्यूल बदलून पाहिलं, वायर आखूड केल्या, क्लॉक १ मेगाहर्ट्झवर आणला. फरक शून्य. चार रात्री यातच गेल्या. छाटणी दोन आठवड्यांवर आली आहे, कुणी वाट दाखवा.

पवन_कोड

हे एसडी कार्डाचं ओळखीचं दुखणं आहे भाऊ. चिप सिलेक्ट वर गेला म्हणून कार्ड लगेच मिसो सोडत नाही. पुढचा क्लॉक मिळेपर्यंत ते लाइन धरून बसतं. म्हणून एसडीचं काम झाल्यावर एक रिकामा बाइट पाठवायचा:

```cpp
digitalWrite(SD_CS, HIGH);
SPI.transfer(0xFF);
```

माझ्याकडे थर्मोकपलची चिप आणि एसडी एकत्र होती, तिथे यानेच सुटलं. करून बघ.

अंबड_पॅनेल

आमच्याकडेही असंच झालं होतं. अंबडला एका पॅनेलमध्ये आरएस-४८५ वर सहा ड्राइव्ह होते. ड्रायव्हर इनेबल लवकर खाली यायचा आणि शेवटचा बाइट कापला जायचा. मग कुणीतरी डिले वाढवला, तर ड्राइव्हचं उत्तर यायला लागलं तरी आमचा ट्रान्समीटर लाइन धरूनच. उत्तराचा पहिला बाइट रोज खराब. शेवटी शिफ्ट रजिस्टर रिकामं झाल्याचा फ्लॅग बघून इनेबल सोडला तेव्हा थांबलं. तुमचं टर्मिनेशन लावलंय का दोन्ही टोकांना?

बाग_दिंडोरी

अंबड_पॅनेल सर, हे आरएस-४८५ नाही, एकाच बोर्डवरचं एसपीआय आहे, वायर चार इंचांची. टर्मिनेशनचा प्रश्न नाही.

पवन, रिकामा बाइट टाकला. काही बदललं नाही. आणि एक गोष्ट आत्ता लक्षात आली. कार्ड स्लॉटमधून काढून ठेवलं तरी लोरा `0xFF` च देतो. मॉड्यूलची मिसोची वायर उपटली की लगेच `0x12`.

जुना_हार्डवेअर

कार्ड काढूनही होतंय, म्हणजे लाइन कार्डाने धरलेली नाही. पवन म्हणतो ते उघड्या कार्डाबाबत खरं आहे, पण तुझ्या मिसोवर कार्ड थेट बसलेलंच नाही, मध्ये एक बफर आहे. मॉड्यूलवर चौदा पायांची चिप दिसतेय का? भिंगाखाली नंबर वाच. बहुधा ७४एलव्हीसी१२५ए असेल.

तोपर्यंत एक मोजमाप कर. स्केचमध्ये फक्त दोन्ही चिप सिलेक्ट हाय करून ठेव, बाकी काही सुरू करू नकोस. आता मिसोवर कुणाचाही हक्क नाही, लाइन मोकळी असायला हवी. १० के चा रेझिस्टर मिसोवरून ग्राउंडला लाव आणि व्होल्टेज बघ. मग तोच रेझिस्टर ३.३ व्होल्टला लाव आणि पुन्हा बघ. मोकळी लाइन रेझिस्टर नेईल तिकडे जाते. दोन्ही वेळा आकडा जागचा हलला नाही, तर कुणीतरी ती धरून ठेवली आहे. यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो.

बाग_दिंडोरी

चिपवर एलव्हीसी१२५ए असंच आहे.

मोजलं. १० के ग्राउंडला: ३.२९ व्होल्ट. १० के वर: ३.२९. नंतर १ के ग्राउंडला लावला तरी ३.२७. कार्ड स्लॉटमध्ये नाही. मग एसडी मॉड्यूल पूर्ण काढून फक्त लोरा ठेवला, तर १० के ग्राउंडला लावल्यावर ०.०० आणि वर लावल्यावर ३.३.

जुना_हार्डवेअर

मग चोर सापडला. लोरा निर्दोष आहे. तो आपली पाळी नसताना लाइन नीट सोडतो, म्हणून एसडीला त्रास होत नाही. एसडी मॉड्यूल सोडत नाही, म्हणून लोरा मरतो. जो बंद पडतो त्याच्यावरच आपला संशय जातो. तूही लोराच बदललास.

१२५ मध्ये चार बफर आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा आउटपुट इनेबल आहे. तो लो असला की बफर चालू, हाय असला की त्याचं आउटपुट अलगद सुटतं, जणू वायरच तोडली. ही मॉड्यूल एकट्याने वापरायची असं धरून बनवलेली, म्हणून चारही इनेबल थेट ग्राउंडला जोडून टाकलेत. क्लॉक, मोसी आणि चिप सिलेक्टच्या बफरसाठी ते ठीक, कारण त्या लाइन तुझ्या ईएसपीकडून कार्डाकडे जातात, त्या चालवणारा एकच. मिसोचा बफर मात्र उलट दिशेचा. कार्डाने आपल्या बाजूने लाइन सोडली तरी बफरच्या इनपुटवरचा पुलअप त्याला हाय दाखवतो, आणि बफर तो हाय इमानेइतबारे बाहेर ढकलत राहतो. म्हणून कार्ड नसतानाही ३.२९. लोरा शून्य पाठवायला लाइन खाली ओढतो, बफर वर ओढतो, आणि या रस्सीखेचीत बफर जास्त ताकदीचा आहे. म्हणून सगळे एक, म्हणजे `0xFF`.

चिपला हात लावून गरम लागली नाही म्हणून भांडण नाही असं समजू नकोस. लोरा बोलतो तेवढ्या काही मायक्रोसेकंदांतच ते होतं, तेवढ्याने चिप तापत नाही.

उपाय असा. पॉवर काढून मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीने बघ, हेडरचा मिसो चिपच्या कुठल्या पायाला जातो. आउटपुटचे पाय ३, ६, ८ आणि ११. त्यांचे इनेबल अनुक्रमे १, ४, १० आणि १३. मॉड्यूलनुसार बदलतं, म्हणून इंटरनेटवरचा फोटो बघून कापाकापी करू नकोस, स्वतः मोज. ज्या आउटपुटला मिसो लागला त्याचाच इनेबल पाय पॅडवरून उचल आणि बारीक वायरने हेडरच्या चिप सिलेक्टला जोड. दोन्ही लो असताना चालू होणारे, त्यामुळे मध्ये इन्व्हर्टर लागत नाही. उचललेला पाय लोंबकळत ठेवू नकोस, नाहीतर बफर कधी चालू कधी बंद असा खेळ सुरू होईल.

चिप सिलेक्ट वर गेल्यावर बफर काही नॅनोसेकंदांत सुटतो. तुझा कोड लोराचा सिलेक्ट खाली आणेपर्यंत त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. त्यामुळे दोघे एकाच क्षणी चालू राहण्याची भीती उरत नाही.

मृण्मयी_ई

पाय उचलायला हात धजत नसेल तर दुसरा मार्ग आहे. एसडी मॉड्यूलच्या मिसोमध्ये सीरीज १ के टाका. लोरा थेट लाइनवर राहू द्या. मग लोराने खाली ओढलं की बफरला १ के मधून ओढावं लागतं, साधारण ३ मिलिअँपिअर, आणि लोरा जिंकतो. मी ब्रेडबोर्डवर असं चालवलंय.

आणि लॉजिक अॅनालायझरवर विसंबू नका. तो फक्त शून्य की एक एवढंच सांगतो, मधलं व्होल्टेज दाखवत नाही. भांडण दिसतं ते ऑसिलोस्कोपवर, जिथे शून्याची पातळी अर्ध्यावरच अडकलेली दिसते.

जुना_हार्डवेअर

मृण्मयीताई, चालेल, एसडीचा क्लॉक ४ मेगाहर्ट्झच्या आसपास असेल तर. १ के आणि लाइनची कपॅसिटन्स मिळून एसडीच्या कडा मंद होतात, वेग वाढवला की डेटा घसरायला लागेल. आणि भांडण यात मिटत नाही, फक्त एका पक्षाचा हात बांधला जातो. बागेत वर्षभर ठेवायच्या बोर्डला मी पायच उचलेन.

मृण्मयी_ई

माझं मत थोडं वेगळं आहे. ०.६५ मिलिमीटरवर पाय असलेली चिप असेल आणि हाताशी जाड बिटाची सोल्डरिंग गन असेल, तर शेजारचा पाय शॉर्ट होण्याचा धोका मला त्या ३ मिलिअँपिअरपेक्षा मोठा वाटतो. क्लॉक ४ वर ठेवायची तयारी असेल तर रेझिस्टर वाईट नाही.

बाग_दिंडोरी

मित्राच्या कॉलेजच्या लॅबमध्ये स्कोपवर बघून आलो. लोराच्या उत्तरात शून्य जिथे हवं तिथे लाइन साधारण २.३ व्होल्टवर थांबते. ईएसपी३२ च्या डेटाशीटप्रमाणे शून्य धरायला पुरवठ्याच्या पाव भागाच्या खाली, म्हणजे ०.८ च्या आसपास यावं लागतं, आणि पक्कं एक धरायला पाऊण भागाच्या वर, म्हणजे २.४८. म्हणजे माझी लाइन मधल्याच पट्ट्यात होती. क्वचित `0x12` का यायचं ते आता कळलं.

माझ्या मॉड्यूलवर मिसो ११ नंबरला निघाला. १३ नंबरचा पाय ब्लेडच्या टोकाने उचलून चिप सिलेक्टला जोडला. १० के ग्राउंडला: ०.०१ व्होल्ट. वर: ३.३. लोरा पहिल्याच झटक्यात `0x12`. एसडीवर रात्रभर नोंदी पडत राहिल्या. दुसरं मॉड्यूलही तसंच केलं, तेही चाललं. जुना_हार्डवेअर काका, मनापासून आभार. काकांना फोन करून सांगितलं.

तिसरं मॉड्यूल मात्र वेगळं निघालं, त्यावर चिपच नाही, नुसते रेझिस्टर आहेत. सुरू केल्यावर दहातून एकदा लोरा `0xFF` देतो, बाकी नऊ वेळा ठीक.

पवन_कोड

त्यात कार्ड थेट लाइनवर आहे, म्हणजे माझा रिकामा बाइट तिथे हवाच.

जुना_हार्डवेअर

तिथे बाइट टाक, बरोबर आहे. पण दहातून एकदाच का, हे त्याने कळत नाही. लोराचं उत्तर दुसऱ्या बाइटमध्ये येतं, पहिला पत्त्याचा असतो, तोपर्यंत कार्डाला क्लॉक मिळून ते सुटलेलं असतं. थर्मोकपलची चिप पहिल्याच बिटापासून बोलते, म्हणून पवनला तिथे त्रास झाला.

मला संशय सुरुवातीच्या क्षणाचा आहे. रीसेटनंतर तुझा कोड चालू होईपर्यंत पिन २७ तरंगत असते. दोन्ही चिप सिलेक्टवर ३.३ व्होल्टला १० के लाव, आणि `setup()` मध्ये कुठलंही `begin()` होण्याआधी हे टाक:

```cpp
pinMode(SD_CS, OUTPUT);
digitalWrite(SD_CS, HIGH);
pinMode(LORA_CS, OUTPUT);
digitalWrite(LORA_CS, HIGH);
```

मग आधी एसडी सुरू कर, नंतर लोरा. कार्ड पॉवर मिळाल्यावर एसपीआय मोडमध्ये नसतं. त्या अवस्थेत लोरासाठीची बडबड त्याने आपल्यासाठीचा हुकूम समजू नये.

बाग_दिंडोरी

माझ्या कोडमध्ये लोरा आधी सुरू होत होता. क्रम बदलला, दोन्ही १० के लावले, रिकामा बाइटही टाकला. सलग चाळीस वेळा बंद-चालू केलं, एकदा `0xFF` आलं. म्हणजे कमी झालं, गेलं नाही. कार्ड बदलून पाहायचं राहिलंय.

जुना_हार्डवेअर

तीन गोष्टी एकदम बदलल्यास, आता कुठल्या एकीने कमी झालं ते कळणार नाही. एकेक काढून पुन्हा चाळीस-चाळीस वेळा कर. आणि ज्या वेळी `0xFF` येईल तेव्हा बोर्ड तसाच ठेवून मिसोवर १० के ची तपासणी कर. लाइन धरलेली निघाली तर कार्डाकडे बघू. मोकळी निघाली तर प्रश्न बसचा नाही, लोराच्या रीसेट पिनेला किंवा पॉवरला शोधू.

बाग_दिंडोरी

उद्या रविवार आहे, बोर्ड घरीच आहे. सकाळी बसतो आणि आकडे इथेच टाकतो.