उत्तर: डिफर्ड टॅक्सचं चलान का नसतं

> वेर्ण्यातल्या आमच्या कंपनीच्या ताळेबंदात १२,५०० रुपये डिफर्ड टॅक्स आहे, पण चलान कुठेच नाही. हा भरायचा कधी?

चलान नसणारच, तो अजून देय झालेला नाही. समजा, एप्रिलमध्ये १० लाखांचं मशीन घेतलं. पुस्तकात १० वर्षांचं आयुष्य धरून घसारा १ लाख. आयकरात १५ टक्क्यांनी दीड लाख. म्हणजे करपात्र नफा ५०,००० नं कमी. २५ टक्के दरानं १२,५०० कर आज वाचला, माफ झाला नाही, म्हणून तरतूद.

आयकराचा घसारा शिल्लक किमतीवर असल्यानं दरवर्षी घटतो. चौथ्या वर्षी तो सुमारे ९२,००० होतो, पुस्तकात १ लाखच. तिथून तरतूद उतरू लागते आणि तो कर नेहमीच्या चलानातूनच जातो. दंडाची रक्कम मात्र यात धरू नका. तिची वजावट पुढेही मिळत नाही.