उत्तर: दमट हवा आणि स्विंग

> पर्वरीच्या मैदानावर सकाळी चेंडू जास्त स्विंग होतो, तो दमट हवा जड असते म्हणूनच ना?

नाही. तापमान आणि दाब तोच असेल तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. खरं काम सीम करते.

उजव्या फलंदाजाला आउटस्विंगर टाकताना सीम साधारण 20 अंशांनी स्लिपकडे वळवलेली असते. त्या बाजूची हवा सीमला अडखळून खळबळते, आणि अशी खळबळलेली हवा चेंडूला जास्त मागपर्यंत चिकटून राहते. दुसऱ्या, चकचकीत बाजूची हवा लवकर सुटते. त्यामुळे मागचा झोत लेगकडे झुकतो आणि चेंडू उलट, स्लिपकडे ढकलला जातो.

हे टिकायला सीम हवेत स्थिर हवी. ती सावरतो बोटांनी दिलेला बॅकस्पिन, म्हणून माझ्या मते हवेपेक्षा मनगट आधी तपासावं. तुमच्या यष्टिरक्षकाला विचारा: सीम उभी सरळ दिसते की डगमगते? डगमगत असेल तर दोन्ही बाजूंची हवा आलटूनपालटून खळबळते आणि चेंडू जवळजवळ सरळ जातो, मग हवा कितीही दमट असो.